बाळाचे वजन होते, लस होते. आईला कोण विचारते? वाशीमच्या आरोग्य केंद्रांसाठी नैराश्य तपासणीचा मार्ग

बाळंतपणानंतर दीड महिन्याने बाई बाळाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. बाळाची पहिली पेंटाव्हॅलेंट लस होते, वजन होते, कार्डावर नोंद होते. आईला टाके दुखतात का, दूध येते का, तांबी बसवायची का, हे विचारले जाते. कधी हिमोग्लोबिनही पाहिले जाते. "रात्री झोप लागते का? मनात काही वाईटसाईट येते का?" हा प्रश्न मात्र साधारणपणे कोणी विचारत नाही. दहा मिनिटांत ती केंद्राबाहेर पडते आणि पुढची लस येईपर्यंत आरोग्य यंत्रणेशी तिचा फारसा संबंध राहत नाही.

वाशीमच्या बाबतीत हे जास्त खटकते, कारण माणसाच्या मनाची विचारपूस करायची कशी, हे या जिल्ह्यातल्या आशाताईंना नवीन नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात वाशीम आहे. आशा घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे नैराश्याची लक्षणे असलेली माणसे शोधतात आणि त्यांना पुढे पाठवतात. म्हणजे साधन आहे, अनुभव आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. पण प्रश्न विचारताना यंत्रणेच्या डोळ्यांसमोर कर्जबाजारी शेतकरी असतो. त्याच घरात आतल्या खोलीत बाजेवर पडलेली बाळंतीण तिला दिसत नाही.

आपल्याकडच्या बायकांना हे आजार होत नाहीत, हे शहरातल्या शिकलेल्यांचे चोचले आहेत, असे म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्यासाठी शेजारच्या गोव्यातला अभ्यास पुरेसा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २७० गरोदर बायकांचा पुढे माता झाल्यावरही पाठपुरावा केला आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यातल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे ही जोखीम वाढवणारी कारणे त्यात ठळक दिसली. २०१७ साली देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही सरासरी २२ टक्केच आली. पाचातली एक, असे धरून चालू.

आता हा आकडा ऐकून वैद्यकीय अधिकारी घाबरतात. "एवढ्या बायका कुठे पाठवायच्या?" म्हणून जरा हिशोब करू. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली ढोबळमानाने ३० हजार लोकसंख्या असते. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला साडेचारशे बाळंतपणे, आठवड्याला आठ-नऊ. पाचातली एक धरली तर आठवड्याला दोनच माता अशा निघतील, ज्यांच्याशी अर्धा तास बसून बोलावे लागेल. त्यातल्याही बहुसंख्य बायकांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज पडत नाही. समुपदेशन, घरच्यांची मदत आणि पाठपुरावा यांनी त्या सावरतात. लगेच हालचाल करावी लागेल अशी माता महिन्यातून एखादी. हे काम केंद्राच्या आवाक्याबाहेरचे नाही.

कधी विचारायचे आणि कोणासमोर

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून आठवडा-दहा दिवस अनेक बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. हा आजार नव्हे, तो आपोआप ओसरतो. म्हणून तिसऱ्या-सातव्या दिवसाच्या भेटीत गुण मोजत बसले तर भरमसाट बायका आजारी निघतील आणि यंत्रणेचा त्यावरचा विश्वासच उडेल. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. यातली ४२ व्या दिवसाची भेट आणि सहा आठवड्यांची लस जवळजवळ एकाच वेळी येतात. तीच पहिली मोजणी. दुसरी १४ आठवड्यांच्या लसीला, तिसरी नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला. गोव्याच्या अभ्यासातून दिसते तसे त्रास गरोदरपणातच सुरू होत असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मातृत्व अभियानाच्या तपासणीतही एकदा विचारायला हवे. जीव देण्याच्या विचाराविषयीचा प्रश्न मात्र शंका येताच विचारायचा, मग बाळंतपणाचा चौथा दिवस का असेना.

साधन म्हणून एडिनबर्ग प्रश्नावली जगभर वापरली जाते. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा अधिक गुण आले तर नैराश्याची दाट शक्यता मानतात. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराविषयी आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टर बोलून करतात. आणि गुण जास्त आले की हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहायचे, कारण रक्त ७ वर आले असेल तर कोणीही गळून जाईल.

खरी अडचण वेगळीच आहे. बाई एकटी येत नाही. शेजारी सासू बसलेली असते, आणि "नीट जेवण जाते का" या प्रश्नालाही सासूच उत्तर देते. अशा वेळी प्रश्नावली कितीही शास्त्रीय असो, उत्तरे शून्य-शून्य येतात. एखाद्या केंद्राच्या महिन्याच्या नोंदीत सगळ्याच मातांचे गुण दोन-तीन दिसत असतील, तर तिथल्या बायका सुखी आहेत असे समजू नये. प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जात आहेत किंवा कागद घरी बसून भरले जात आहेत, असे समजावे. उपाय साधा आहे. बाळाचे वजन आणि लस आजीच्या हाती देऊन तिला दुसऱ्या टेबलावर पाठवायचे, आणि तेवढ्या वेळात आईला बाजूच्या खोलीत घ्यायचे. प्रश्न वाचून दाखवायचे, तिच्या बोलीत. "उदासीनता" हा शब्द तिच्या कानाला परका असतो. "काहीच गोड लागत नाही का?", "बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप लागत नाही का?" हे तिला कळते. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणी तरी विचारले म्हणून हलके वाटते.

दहावा प्रश्न आणि त्यानंतरचा अर्धा तास

सगळ्यात मोठी चूक होते ती बेरजेत. नर्स दहा उत्तरांची बेरीज करते, ९ येते, १३ पेक्षा कमी म्हणून कागद फाइलला लागतो. पण त्या ९ मध्ये दहाव्या प्रश्नाचा एक गुण असतो. म्हणून पहिला नियम हा, की दहाव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, "क्वचित" असले तरी, बेरीज बाजूला ठेवायची. त्या दिवशी, त्या बाईने केंद्र सोडण्याआधी, वैद्यकीय अधिकाऱ्याने तिच्याशी बोलायचे.

काय बोलायचे? पायरी पायरीने. मरून जावे, सुटावे असे वाटते का? की स्वतः काही करून घ्यावे असे येते? कसे करायचे याचा विचार झाला आहे का, आणि ती वस्तू घरात आहे का? आधी कधी तसा प्रयत्न केला होता का? आज, आता तसे करायचे मनात आहे का? बाळाविषयी काही वाईट विचार येतात का? कोणी नसताना आवाज ऐकू येतात का, कोणी बाळाला मारेल अशी भीती वाटते का? उत्तरांवरून तीन वाटा फुटतात.

नुसते "मेली असती त बरं झालं असतं" एवढेच असेल, बेत नसेल, इरादा नसेल, तर डॉक्टर तिच्यासोबत बसून एक छोटी योजना लिहितात: विचार वाढले तर ती आधी कोणाला सांगेल, रात्री सोबत कोण असेल, फोन कोणता करेल. दुसऱ्या दिवशी आशा किंवा नर्स भेटते अथवा फोन करते, आणि आठवडाभरात जिल्हा पथकाची भेट ठरते. ठरते म्हणजे तारीख आणि वेळ कागदावर असते. "वाशीमला जाऊन दाखवा" असे सांगून मोकळे होणे नव्हे.

काही करून घ्यावे असे विचार येतात, पण आज तसे करायचे मनात नाही, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांनी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर बोलायचे. जिल्ह्याचे पथक मिळाले नाही तर टेलिमानस आहेच: १४४१६, चोवीस तास, मराठीत. घरातल्या एका विश्वासू माणसाला, तिच्या संमतीने, केंद्रात बोलवायचे. तज्ज्ञांची भेट दोन-तीन दिवसांत.

पक्का बेत किंवा इरादा असेल, नुकताच प्रयत्न झाला असेल, बाळाला इजा करण्याचा विचार असेल, किंवा बाई भ्रमात असेल, आवाज ऐकत असेल, तर तिला एक मिनिटही एकटे सोडायचे नाही. १०८ बोलवायची, जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून कोण घेणार त्याचे नाव विचारायचे, सोबत एक नातेवाईक आणि शक्य तिथे एक कर्मचारी. तिकडे मानसोपचारतज्ज्ञ हजर नसेल तर पुढचे ठिकाण म्हणजे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वाशीमपासून सुमारे ८० किलोमीटर. आणि पाठवणाऱ्या डॉक्टरने दोन तासांनी स्वतः विचारायचे: पोहोचली का? हा शेवटचा फोन ज्या यंत्रणेत होत नाही, तिथे कागदावर "संदर्भित" लिहिलेली बाई अर्ध्या रस्त्यातून घरी परतलेली असते.

दोन वाटांमध्ये शंका असेल तर वरची वाट धरायची. आणि हे ठरवण्याचा अधिकार नर्सलाही हवा. डॉक्टर सुट्टीवर असताना तिने कोणाला फोन करायचा ते नाव-नंबरासह भिंतीवर लिहिलेले हवे.

कायद्याची भीती इथे अनेकांना अडवते. पोलीस केस होईल म्हणून बाई सांगत नाही आणि कर्मचारी लिहीत नाही. विचार मनात येणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाच्या बाबतीतही, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ सांगते, की असा माणूस तीव्र ताणात होता असे गृहीत धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. याच कायद्याचे कलम ९४ सांगते, की जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार सुरू करू शकतो, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने. म्हणजे "आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही" ही हात झटकायची सबब होत नाही. आणि कलम २१ प्रमाणे, तीन वर्षांखालच्या बाळाला दाखल झालेल्या आईपासून साधारणपणे तोडता येत नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल तरच ते करता येते. "दवाखान्यात गेली तर लेकरू हिसकावून घेतील" या भीतीने ज्या बाया गप्प राहतात, त्यांना हे कलम तोंडी समजावून सांगण्यासारखे आहे.

एक उदाहरण

समजा, मालेगाव तालुक्यात माहेर आणि रिसोड तालुक्यात सासर असलेली चोवीस वर्षांची बाई. दुसरी मुलगी झाली. सहा आठवड्यांच्या लसीला आईसोबत माहेरच्या केंद्रात आली. एकूण गुण ११, दहाव्या प्रश्नाला "क्वचित", म्हणजे १. नुसती बेरीज पाहिली असती तर "दोन आठवड्यांनी या" एवढेच सांगितले गेले असते.

डॉक्टर बोलायला बसतात. आधी ती हसते, "तसं काही नाही जी." मग सांगते, की सासरहून अजून कोणी बघायला आले नाही, नवरा फोनवर बोलत नाही, रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग झोप नाही. त्या वेळी मनात येते की आपण नसलेलेच बरे. काही करून घ्यावे असेही दोनदा वाटले. कपाशीवर फवारायचे औषध पडवीत आहे, हे आठवले होते. पण मोठीचा चेहरा आला आणि थांबले. आज तसे करायचे नाही, असे ती डोळ्यांत डोळे घालून सांगते. आधी कधी प्रयत्न नाही, आवाज नाहीत, बाळाविषयी वाईट विचार नाही.

ही मधली वाट, पण वरच्या टोकाला टेकलेली, कारण साधन हाताशी आहे. डॉक्टर तज्ज्ञांशी फोनवर बोलतात. तिच्या संमतीने तिच्या आईला आत घेतले जाते. वडिलांना फोन होतो, आणि ती घरी पोहोचायच्या आधी फवारणीचे औषध गावातल्या दुसऱ्या घरी कुलपात जाते. सोयाबीन-कपाशीच्या या मुलखात घराघरांत हे औषध असते. ते दूर करणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण असा झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ मिळाला तर जीव वाचतो. रात्री तिची आई तिच्याजवळ झोपेल, तीन वाजताचे बाळ आजी घेईल, कारण सलग चार-पाच तासांची झोप हीच तिला सध्या सर्वांत जास्त हवी आहे. तिसऱ्या दिवशी वाशीमची भेट. औषध सुरू झालेच तर अंगावरचे दूध तोडावे लागते असे नाही. सर्ट्रालिनसारखी औषधे दुधात फार थोडी उतरतात. हे आधीच सांगितले नाही, तर घरचे एक तर दूध तोडतात नाही तर गोळी फेकतात.

इथवर सगळे नीट झाले. फसते ते पुढे. सव्वा महिना होऊन गेलेलाच असतो, म्हणून तिला सासरी पाठवण्याचे ठरते. माहेरच्या आशाच्या यादीतून ती निघते; रिसोडच्या आशाला तिच्याविषयी काही माहीतच नसते. मदतीची आई मागे राहते, आणि ज्या घरात दुसऱ्या मुलीचे स्वागत झालेले नाही त्या घरात ती जाते. सगळ्यात धोक्याचा आठवडा तोच, आणि नेमका त्याच आठवड्यात तिच्यावर कोणाचीच नजर नाही. म्हणून नियमात हेही हवे: दहाव्या प्रश्नाला "हो" आलेली माता गाव बदलत असेल, तर जाण्याआधी या नर्सने त्या नर्सला फोन करायचा आणि पोहोचल्यापासून ४८ तासांत तिकडच्या आशाने घरी जायचे. आशाला तपशील सांगायची गरज नाही; "हिची झोप आणि मन बघ, काही वाटले तर मला लगेच सांग" एवढे पुरते. आणि नवरा मारहाण करत असेल, तर "विश्वासू माणूस" म्हणून त्यालाच बोलवू नये. अशा ठिकाणी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सखी वन स्टॉप सेंटर यांना जोडून घ्यावे.

बाहेरची बाधा

आपल्या वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा काढावा लागतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, हजारात एक-दोन बायकांना, अचानक भ्रम सुरू होतो. झोप जवळजवळ बंद, असंबद्ध बोलणे, बाळ आपले नाहीच असे वाटणे. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात आणि बाईला आधी भगताकडे नेतात. हा तातडीचा वैद्यकीय प्रसंग आहे, अतिरक्तस्रावाइतकाच. यात दिवस गमावले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतही अशा वेळी एखादी आत्या गुपचूप अंगारा आणते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा १०८ ला फोन करावा.

कार्यकर्त्यांनी जिल्ह्यात विचारायचे प्रश्न मोजके आहेत. मागच्या वर्षी किती मातांना सहा आठवड्यांच्या भेटीत नैराश्याविषयी विचारले गेले? किती जणींना वाशीमला पाठवले, आणि त्यातल्या किती प्रत्यक्ष पोहोचल्या? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मंजूर पदे किती, भरलेली किती? रात्री आठनंतर बाई आली तर कोण बघते? माहिती अधिकारात दहा रुपयांत हे विचारता येते, आणि आकडे आलेच तर पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या मातांच्या आकड्यांतला फरक आधी पाहावा. आणखी एक आकडा मागण्यासारखा आहे. बाळंतपणानंतर वर्षभरात विहिरीत पडून, भाजून किंवा विषबाधेने दगावलेल्या बायका किती? मातामृत्यूची गणती ४२ दिवसांवर थांबते. ब्रिटनमध्ये मात्र सहा आठवडे ते एक वर्ष या काळातले मृत्यू वेगळे तपासले जातात आणि त्यात आत्महत्या हे सर्वांत मोठे कारण निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणातही बाळंतिणीची आत्महत्या हा थेट मातामृत्यू धरला आहे. आपल्याकडे ती "अपघाती" म्हणून पोलिसांच्या कागदात जाते आणि आरोग्य खात्याच्या बैठकीत तिचा विषयच निघत नाही.

आशांच्या बाजूनेही बोलायला हवे. मोबदल्यावर राबणाऱ्या या बायांवर आणखी एक फॉर्म लादला आणि त्याचे पैसे दिले नाहीत, तर फॉर्म भरले जातील, प्रश्न विचारले जाणार नाहीत. प्रेरणा प्रकल्पाचीच प्रश्नावली बाळंतिणींसाठी वापरली, ४२ व्या दिवसाच्या भेटीला जोडली आणि त्या भेटीचा मोबदला वाढवला, तर नवीन योजना काढायची गरजही पडणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावती वाशीमपासून काही लांब नाही.

हा मजकूर वाचणाऱ्या कोणाच्या घरात किंवा ओळखीत अशी माता असेल, तर जिल्ह्यात मार्ग तयार होण्याची वाट पाहू नका. तिला एकटी गाठा, थेट विचारा, तिच्याजवळ थांबा आणि १४४१६ वर फोन लावा. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर १०८.